दोन भात्यांची पेटी

आप्पांचं वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा माझ्या धाकट्या भावाने ठरवलं की गावात फ्लेक्स लागला पाहिजे. साधा नाही, बारा फुटी. आमच्याकडे माणूस जिवंत असताना त्याला कुणी फारसं विचारत नाही, मेल्यावर मात्र एस.टी. थांब्यावर उभं करतात.

आप्पा म्हणजे आमचे वडील. डिंभे धरणाच्या खालच्या अंगाला शेती, आणि गावच्या भजनी मंडळात पेटी. पेटीवाला हीच त्यांची ओळख. भावाला फ्लेक्सवर ते पेटी वाजवताना हवे होते. अडचण एकच होती, तसा एकही फोटो घरात नव्हता. भजनात टाळकरी उभे राहतात आणि पेटीवाला खाली बसतो. ज्याने ज्याने मोबाइल वर केला त्याने टाळकऱ्यांचे, बुवांचे आणि नारळ द्यायला आलेल्या पुढाऱ्यांचे फोटो काढले. आप्पांची कुठे टोपी आली, कुठे गुडघा. बाकी फोटो होता तो आधारकार्डासाठी काढलेला, डोळे वटारलेला.

‘ताई, काळजी करू नको,’ भाऊ म्हणाला. ‘आता एआयवर सगळं व्हतंय. चेहरा टाकला की माणूस पेटी वाजवतोय असं चित्र येतं.’

मी पोटासाठी अवसरीच्या पॉलिटेक्निकला पोरांना मशीन ड्रॉइंग शिकवते. कुठला भाग कुठल्या भागाला कसा जोडलाय, एक फिरला की दुसरा किती फिरणार, हे कागदावर दाखवायचं, एवढंच माझं काम. चुकीचं दातेरी चक्र काढणाऱ्या पोराला मी वर्गात उभं करते. म्हणून भावाने मला मंचरच्या फ्लेक्सवाल्याकडे सोबत नेलं. तिथे माझा उपयोग होईल असं त्याला वाटलं. झाला नाही.

दुकानदार माझ्याच वयाचा, गळ्यात सोन्याची साखळी आणि बोलण्यात प्रचंड आत्मविश्वास. भावाने सांगितलं तसं त्याने कॉम्प्युटरला सांगितलं: देऊळ, कार्तिकातला काकडा, म्हातारा माणूस पांढऱ्या टोपीत पेटी वाजवतोय, मागे भिंतीवर घड्याळ, पहाटेचे साडेचार, पुढे प्रसादाची पंगत. घड्याळ भावाच्या हट्टापायी. आप्पांचा काकडा साडेचारला सुरू व्हायचा आणि ते एकदाही चुकले नाहीत, हे लोकांना दिसलं पाहिजे म्हणे.

चित्र आलं. चेहरा आप्पांचाच, आधारकार्डावरचा, डोळे तसेच वटारलेले, पण तुकतुकीत केलेला, नवरदेवासारखा. बाकी काय होतं ते सांगते.

पेटीला मागे भाता होता, उघडलेला, ठीक आहे. पुढेही एक भाता होता, पट्ट्यांच्या खाली, कशालाच न जोडलेला. काळ्या पट्ट्या एका ओळीत सलग, भाकरीवर पेरलेल्या तिळांसारख्या. खऱ्या पेटीत त्या दोन आणि तीन अशा गटांनी येतात, त्याच खुणेवर बोट आंधळेपणाने सा शोधतं. आप्पांचे दोन्ही हात पट्ट्यांवर. मग हवा कोण भरणार? पेटी म्हणजे काय, तर डाव्या हाताने भाता हलवायचा, हवा आत दाबायची, उजव्या हाताने पट्टी दाबली की ती हवा पितळी पात्यावरून निघून जाते आणि पातं थरथरतं. डावा हात थांबला की सूर मेला. या चित्राने त्यावर तोड काढली होती. मागच्या भात्यावर एक तिसरा हात ठेवला होता. बाही होती, मनगट होतं, फक्त माणूस नव्हता.

‘हा हात कुणाचा?’ मी विचारलं.

दुकानदार जवळ वाकला. ‘मागं कुणीतरी बसलं असंल, मॅडम.’

घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. त्याने पुन्हा साडेचार म्हणून सांगितलं, पुन्हा दहा दहा. ठळक अक्षरात सांगितलं, तेव्हा तीन काटे आले आणि आकड्यांत सात दोनदा. मी समजावून सांगितलं की या यंत्राने बघितलेली बहुतेक घड्याळं जाहिरातीतली असतात, आणि जाहिरातवाले काटे दहा दहावर लावतात, कारण तसं ते छान दिसतं आणि मधलं कंपनीचं नाव झाकत नाही. त्याला वेळ कळत नाही, घड्याळ कसं दिसतं तेवढंच कळतं. दुकानदाराने मान डोलावली आणि म्हणाला, ‘मग मी हातानंच काटे बसवतो.’ बसवले. मोठा काटा सहावर, छोटा बरोबर चारवर. अगदी नाकासमोर, चारवर! साडेचार वाजले तर छोटा काटा चार आणि पाचच्या मध्ये गेलेला असतो, कारण दोन्ही काटे एकाच यंत्राला बांधलेले आहेत, एक फिरला की दुसऱ्याला सरकावंच लागतं. पण हे त्याला कोण सांगणार? यंत्राचं एक ठीक होतं, त्याने निदान घड्याळ कधी वापरलेलं नव्हतं. याच्या मनगटावर होतं.

पंगतीत तर मला हसूच आवरेना. पत्रावळ्या, द्रोण, आणि प्रत्येकासमोर काटा-चमचा! आमच्या गावात महाप्रसादाला काटा-चमचा. त्यातही काट्याला मुळाशी तीन दाते आणि टोकाला पाच, आणि एका चमच्याची दांडी शेजाऱ्याच्या वाटीत घुसून वाटीच झालेली. एक पावणा तर काट्याच्या दात्याकडची बाजू धरून दांडीने शिरा खात होता.

‘लांबून कोन बघतंय एवढं,’ भाऊ म्हणाला.

हे वाक्य मी तेव्हापासून फार ऐकलं. लांबून कोण बघतंय. मग लावता कशाला?

मी एकच सुचवलं. आप्पांची पेटी घरी कोनाड्यात आहे, खरी. तिचा फोटो काढा, वर त्यांची टोपी ठेवा, झालं. भाऊ तोंड वाकडं करून म्हणाला, ‘नुसती पेटी ठेवली तर आप्पा न्हाईत असं वाटंल.’

‘नाहीतच ना,’ मी म्हणाले. तो दुकानदाराकडे वळला आणि म्हणाला, ‘छापा.’

फ्लेक्स लागला. वर पुढाऱ्यांचे गोल गोल फोटो, प्रत्येकाचं डोकं आप्पांच्या पेटीएवढं, आणि खाली तीन हातांची भक्ती. वर्षश्राद्धाच्या दिवशी भजनी मंडळाची सगळी म्हातारी मंडळी आली. मला वाटलं, आता कुणीतरी बोलेल. या लोकांनी आयुष्य त्या पेटीशेजारी काढलं होतं, भाता फाटला तेव्हा चिकटपट्टी आणून दिली होती. ते फ्लेक्सखाली उभे राहिले, चष्मे वर-खाली केले.

‘हुबेहूब हाय राव,’ एकजण म्हणाले.

‘जसं काय बोलत्यालच आता,’ दुसरे म्हणाले, आणि जेवायला बसले.

मला त्या क्षणी त्या सगळ्यांची इतकी घृणा आली की मी आत निघून गेले. डोळे होते, पण बघायचं कशाला? आप्पांकडे त्यांनी कधी बघितलंच नव्हतं, म्हणून आता काहीही समोर ठेवलं तरी ते आप्पाच होते.

चार दिवसांनी भावाने फ्लेक्स उतरवला. असे फ्लेक्स आमच्याकडे वाया जात नाहीत, कांद्यावर टाकायला, गोठ्याला आडोसा करायला बरे पडतात. तो गुंडाळी करून कांद्याकडे निघाला, तेवढ्यात आई ओट्यावर आली.

‘त्यातला यांचा तेवढा तुकडा मला कापून दे,’ ती मला म्हणाली. ‘कपाटाला लावीन आतनं.’

माझं डोकंच फिरलं. त्या थोबाडीत मारण्यालायक चित्राला आमच्या घरात जागा मिळणार होती, आणि आईच्या कपाटात, तिच्या लुगड्यांशेजारी. रोज कपाट उघडायची आणि रोज ते बघायची. आणखी दोन वर्षांनी तिला आप्पा तसेच आठवणार होते, दोन भात्यांचे आणि सगळ्या जगाकडे डोळे वटारून बघणारे. मी तिला अंगणात बसवलं, फ्लेक्स पसरला आणि बोट ठेवून ठेवून सगळं सांगितलं. हा भाता खोटा. या पट्ट्या खोट्या. हा हात कुणाचाच नाही. असा कुणी पेटीवाला जगात नव्हता. वर्गात बोलते तशी बोलत होते मी, चढ्या आवाजात.

आईने सगळं ऐकलं. मग म्हणाली, ‘असंल गं. मला काय म्हाईत?’

‘तुला काय माहीत म्हणजे? पेटी आपल्याच घरात आहे!’

‘पेटी हाय. पुसती मी ती. पन वाजवताना कुठं बघितलंय मी त्यांना?’

मला कळलंच नाही आधी. तिने सहज सांगितलं, कुणाची तक्रार नसल्यासारखं. गुरुवारचं भजन आमच्या पडवीत व्हायचं, तेव्हा ती आत चहाच्या पातेल्यापाशी. बाहेर सगळी पुरुष माणसं, जायची रीत नव्हती. काकड्याच्या वेळी ती गोठ्यात, धारा काढायला. देवळात सप्ताहाला बायका मागे, खांबांच्या पलीकडे, आणि पुढे टाळकरी उभे. ऐकू यायचं तिला. भाता हलला की कर्रकर्र व्हायचं, तेवढ्यावरनं समजायचं, आता सुरू झालं, आता आधण ठेवायचं.

चहाचे कप मी बाहेर न्यायचे. मी पोर होते, मला चालायचं. कप देऊन झाले की आप्पांच्या मांडीला टेकून बसायचे आणि त्यांच्या बोटांकडे बघत राहायचे. सगळं मी बघितलंय. हिने काहीच नाही. एवढी वर्षं, एवढी माणसं आमच्या पडवीत बसली, चहा ढोसून गेली, आणि कुणालाही, आप्पांनासुद्धा, कधी वाटलं नाही की आत चहा करणाऱ्या बाईला एकदा बाहेर बोलवावं. भल्या माणसांचं भजनी मंडळ! त्यांच्यापुढे तो दोन भात्यांचा कॉम्प्युटर काय वाईट?

आईने फ्लेक्सवर हात फिरवला. चेहऱ्यावर थांबली.

‘एक सांग मला,’ ती म्हणाली. ‘वाजवताना ते डोळं मिटायचे का गं?’

‘नाही,’ मी म्हणाले. ‘उघडे असायचे. म्हणणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचे.’

‘आन् मान?’

‘थोडी डावीकडे. भात्याकडे.’

‘हसायचे का?’

मी तिच्याजवळ खाली बसले. ती एकेक विचारत गेली, आणि मी सांगत गेले.