बाळंतिणीच्या खोलीची खिडकी

सुगंधाबाई माझी बायको. केदारखेड्याला मेंढरांमागं वाढली, आता नवीन जालन्यात सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटात राहते. घरात एसी नाही. अर्धवट काम तिला खपत नाही. भांडं घासलं तर बूडही घासते.

वैशाखात लेक छकुली बाळंतपणाला आली. बाळ झालं आणि सुगंधाबाईनं खोलीची खिडकी लावून घेतली. बाळंतिणीला वारं लागू द्यायचं नाही, ही रीत. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री खोलीत आग ओतायचा. बाळाच्या मानेवर घामोळ्या उठल्या. जाफराबादहून छकुलीच्या सासूचा फोन आला. रविवारी तुमचा जावई मच्छिंद्र जीप घेऊन येईल, दोघांना पाठवून द्या, आमचं घर थंड आहे. सुगंधाबाई त्या दिवशी जेवली नाही. सव्वा महिना लेकीचं करायचं, हे तिनं वर्षभर मनात धरलं होतं.

मी स्वयंपाकघरात एक्झॉस्ट फॅन बसवला. रात्रभर चालवला. खोली तशीच, वर न्हाणीचा वास घरभर.

"पंखा आणला का गटार?" सुगंधाबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रात्रीच्या जेवणानंतर तिनं ओव्याची धुरी केली. फॅन चालू होता, तरी धूर खाटेवरच लोंबत राहिला. तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"फॅन हवा बाहेर फेकतो, तेवढी कुठून तरी आत यावी लागते. तू खिडकी लावली, मंग तो न्हाणीतून ओढून राह्यला."

"मंग काय वाऱ्यात निजवू लेकीला?"

"माय, वाऱ्याचं ऱ्हाऊ दे," छकुली म्हणाली, "मी भाजून राह्यले."

सुगंधाबाईनं फडकं घेतलं. छकुलीचे कान घट्ट बांधले. आम्ही दोघांनी खाट खिडकीसमोरून कोपऱ्यात सरकवली. न्हाणीचं दार लावलं. फॅनशेजारची खिडकीही लावली, नाहीतर तिथूनच हवा येते आणि तिथूनच जाते. बाहेर गारवा आला होता; तिनं स्वतः खोलीची खिडकी उघडली, जाळी तेवढी राहू दिली. धूर हलला. दारातून बैठकीत, तिथून फॅनकडं गेला.

पहिल्या रात्री फरक थोडा पडला. मुरलेली ऊब एका रात्रीत निघत नाही. पण पहाटे उठून ती खिडक्या लावायची, पडदे ओढायची, दिवसाचं ऊन आत येऊ द्यायची नाही. अंधार पडून गारवा आला की पुन्हा उघडायची. एकदाही चुकली नाही. घामोळ्या सुकल्या.

रविवारी मच्छिंद्र सकाळीच आला. खोलीत गेला, बाळाशेजारी जरा टेकला आणि घोरायला लागला.

"उठवू का?" मी विचारलं.

"निजू द्या," सुगंधाबाई म्हणाली. "जीपमंदी उकडून आलेत."

उठल्यावर त्यानंच आईला फोन लावला. "आई, इथं बराबर हाय. सव्वा महिना झाल्यावर नेऊ."

सुगंधाबाईनं त्याला वाढलं आणि बऱ्याच दिवसांनी स्वतःही पोटभर जेवली.