काठावरचं शून्य

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे विहिरीचं पाणी मोजणं. गुरुवार होता, सकाळचे साडेसहा. तिनं पदर खोचला, काठाच्या दगडावर डावा गुडघा टेकला आणि निळी नायलॉनची दोरी हळूहळू आत सोडली. दोरीच्या टोकाला पितळेची लहान वाटी, बुडाला भोक पाडून पालथी बांधलेली, आणि तिच्या वर वजनाला एक लोखंडी नट. पालथी वाटी पाण्याला टेकली की डुब् असा आवाज होतो. तो तिला ऐकू यायचा. मला नाही. पन्नास वर्षं शिलाईमशीनच्या खडखडाटात बसून माझे कान मंद झालेत, समोरच्याचं बोलणं तेवढं कळतं. आवाज झाला की ती मान हलवायची आणि मी काठापाशी दोरी चिमटीत पकडायचो. मग दोरी वर ओढायची, फुटाफुटाला मारलेल्या गाठी मोजायच्या आणि शेवटच्या गाठीपासून माझ्या चिमटीपर्यंतचे इंच टेपनं बघायचे. चौदा फूट दोन इंच. तिनं दुकानातल्या जुन्या मापाच्या वहीत आकडा लिहिला आणि म्हणाली, "दूध स्वल्पच आहे, तुम्हीच चहा घ्या." बाकी काही बोलणं झालं नाही. दुपारी तिच्या छातीत कळ आली. अजून विहिरीजवळून गेलो की ओल्या शेवाळाचा वास नाकात शिरतो, आणि त्या थोड्या दुधाच्या सकाळी आपण काहीतरी बोलायला हवं होतं असं वाटत राहतं. काय बोलायला हवं होतं, ते मात्र सुचत नाही.

आमचं घर हेब्बाळला, तळ्यापासून फार लांब नाही. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही शिंपी. आमचे लोक या गावात कधी आले ते मला सांगता येणार नाही. घरात मराठी बोलतो, दारात कन्नड, आणि भांडताना दोन्ही. मी चौथीपर्यंत शिकलो. तेवढ्यावर माणसाला खांदा, छाती, कंबर, बाही हे सगळं लिहिता येतं, त्यापुढचं कधी लागलं नाही. घरामागची विहीर मात्र अजून जिवंत आहे. शेजारच्या जागेवर मोठी इमारत यायची म्हणून तळघर खणायला घेतलं आणि खड्ड्यात झिरपणारं पाणी उपसायला पंप बसवला. तो सोमवार ते शनिवार दिवसभर चाले, रविवारी बंद. आमची नात के. आर. पुरमला राहते, नववीत आहे. तिला शाळेत विज्ञानाचा प्रकल्प करायचा होता. तिच्या अज्जीनंच, म्हणजे हिनंच, सुचवलं, की हा पंप आपल्या विहिरीचं पाणी पितो का, ते बघ. नात शनिवार-रविवारी यायची. रोजचं माप आम्ही घ्यायचं असं ठरलं.

आलेखाचा कागदही अज्जीसमोरच सुरू झाला. पोरीनं उभी रेघ मारली आणि शून्य खाली लिहायला गेली, तर हिनं तिचा हात धरला. "अगं, शर्टाची उंची कुठून मोजतात? खांद्यापासून खाली. विहिरीचा खांदा म्हणजे काठ. शून्य वर घाल." हिनं आयुष्यभर माझ्याशेजारी बसून काजं-बटणं केली होती, ती दुसरं काय सांगणार. नातीला ते पटलं. शून्य वर, आकडे खाली वाढत गेलेले. पाणी जसं विहिरीत उतरतं तशीच रेघ कागदावर उतरायची. आणि दर सोमवारी सकाळी, रविवारभर पंप बंद असल्यामुळे, पाणी दोन-तीन बोटं चढलेलं असायचं. रेघही तेवढी वर उचलायची. असे तीन सोमवार झाले. कागद लांबून बघितला तर उतरत्या जिन्यासारखा दिसायचा, मध्ये मध्ये एखादी पायरी चुकल्यासारखा.

आता जे लिहायला नको वाटतं ते लिहितो. शुक्रवारी सकाळी मी इस्पितळातून आंघोळीला घरी आलो. विहिरीकडे गेलोच नाही. जाऊन काय केलं असतं, डुब् ऐकणार कोण? परत गेलो तर हिनं नाकातली नळी सावरत पहिलं विचारलं, "अहो, मोजलं का?" मी म्हणालो, "मोजलं की. चौदा-तीन." शनिवारी चौदा-चार सांगितलं, रविवारी चौदा-पाच. घरी येऊन ते आकडे वहीत लिहिले, म्हणजे तोंडानं केलेला खोटेपणा कागदावर तरी नीट बसावा. सोमवारी तिचा आवाज खोल गेला होता. तरी विचारलं. मी सवयीनं सांगून टाकलं, "चौदा-सहा." सोमवारी पाणी चढतं हे माझ्या ध्यानातच राहिलं नाही. तिच्या ध्यानात होतं. ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली, आणि मग एवढंच म्हणाली, "सरी." म्हणजे ठीक आहे. संध्याकाळी ती गेली.

दिवस-कार्य झालं. तो सोमवारचा आकडाही मी वहीत लिहून टाकला होता. नातीनं वहीतले आकडे सेंटिमीटरमध्ये बदलून प्रकल्प पुरा केला आणि शाळेत दिला. पंधरा दिवसांनी तो परत आला, वीसपैकी अकरा गुण घेऊन. आलेखाखाली तांबड्या शाईत इंग्रजीत लिहिलेलं होतं. नातीनं मला वाचून दाखवलं. 'आलेखात काठापासूनचं अंतर कमी होत गेलं आहे, म्हणजे पाणी चढलं. निष्कर्ष उलटा.' शिकवणाऱ्या मिसनी उभ्या रेघेवरचं नाव वाचलं होतं, पण आकडे बघितले नव्हते. सगळ्या आलेखांत शून्य खाली असतं म्हणे, म्हणून त्यांनी इथंही खालीच धरलं. तसं धरलं तर उतरणारी रेघ म्हणजे घटणारं अंतर, आणि घटणारं अंतर म्हणजे चढतं पाणी. पोरीला गुणांचं वाईट वाटत होतंच. पण तिचं बोट पुन्हा पुन्हा त्या 'उलटा' शब्दावर जात होतं. अज्जीनं सांगितलेलं उलटं ठरलं, ते तिला सहन होत नव्हतं.

मिसना पत्र लिहायला ती माझ्याकडेच आली, कापड कापायच्या टेबलावर. मी म्हणालो, "लिही की, डोळे उघडून कागद बघा."

"अज्जा, असं लिहिलं तर मिस मला दहावीत बसवणार नाहीत," ती हसत म्हणाली.

"मग अज्जी गेली म्हणून लिही. माणूस आहेत, विरघळतील."

ती हसायची थांबली. "नको. अज्जी गेली म्हणून गुण नकोत. आकडे बरोबर आहेत म्हणून पाहिजेत."

मग ती एक एक वाक्य इंग्रजीत लिहून मला मराठीत सांगू लागली. उभ्या रेघेवर काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर आहे. शून्य सगळ्यात वर आहे आणि आकडे खाली वाढतात, म्हणून रेघ खाली जाते तेव्हा अंतर वाढतं आणि पाणी उतरतं. पहिल्या दिवशीचा ठिपका तीनशे पंचेचाळीस सेंटिमीटरवर आहे, चोविसाव्या दिवशीचा चारशे बत्तीसवर. (अज्जीनं लिहिलेला शेवटचा आकडा तो, पोरीनं मुद्दाम तोच निवडला.) सोबतच्या तक्त्यातही तेच आकडे आहेत, कृपया ताडून बघावेत. शून्य वर घेतलं आहे अशी ठळक सूचना मी आलेखावर लिहायला हवी होती, ती राहिली, ही माझी चूक. तरी आलेख आणि निष्कर्ष यांच्या गुणांचा पुन्हा विचार व्हावा. मला ते फार आवडलं. कुठं आवाज चढवलेला नाही, कुठं पाया पडलेली नाही. चांगल्या शिवणीसारखं सरळ.

मग ती म्हणाली, "मूळ वहीची झेरॉक्स पण जोडते. म्हणजे शंकाच नको. फक्त हा शेवटचा सोमवार मला अजून कळत नाही. पाणी चढलंच नाही. त्या रविवारी पंप चालू राहिला असेल असं मी प्रकल्पात लिहिलंय."

ती वही चाळत होती. हिच्या बारीक अक्षरातले आकडे संपून माझे जाडे आकडे सुरू होतात ते पान उघडं होतं. मी गप्प बसलो असतो तर चाललं असतं. मिसना काय कळणार होतं? पण पत्राखाली सही पोरीची होणार होती. मी म्हणालो, "पंप बंदच होता. शेवटचे चार आकडे मी मोजलेले नाहीत. मनानं लिहिले."

तिनं वर बघितलं. "चारही?"

"चारही."

"अज्जीला माहीत होतं?"

"सोमवारी कळलं असावं."

ती पेनाचं टोपण लावत काढत राहिली. माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "मी त्याच्यासाठी कारण शोधलं अज्जा. अर्धं पान लिहिलं. खरं वाटलं मला." ते ऐकून मान वर करायला मला जड गेलं. बायकोला दिलेली थाप तिच्याबरोबर गेली असं मी धरून चाललो होतो. ती या पोरीच्या अर्ध्या पानात जाऊन बसली होती.

तिनं पत्र फाडलं आणि पुन्हा लिहिलं. आधीचं सगळं तसंच, आणि खाली वाढवलं: शेवटच्या चार दिवसांची मापं प्रत्यक्ष घेतलेली नाहीत, हे मला आज समजलं. तक्त्यात आणि मूळ वहीत त्या चार आकड्यांवर रेघ मारली आहे, आलेखात ते ठिपके पोकळ केले आहेत आणि तिथली रेघ तोडली आहे. पंपाबद्दलचा तो परिच्छेद मी मागे घेते. उरलेल्या चोवीस दिवसांत पाणी उतरलेलं दिसतं आणि तीन सोमवारी थोडं चढलेलं दिसतं, त्यामुळे निष्कर्ष तोच राहतो. मापं का घेतली गेली नाहीत ते तिनं लिहिलं नाही. मी विचारलं, "गुण जातील?" "जातील स्वल्प," म्हणाली. मग बस धरायला निघून गेली. जाताना नेहमीसारखा माझ्या पाठीवर हात ठेवला नाही.

पुढच्या रविवारी संध्याकाळी ती आली आणि पत्राची प्रत माझ्यापुढं ठेवली. मिसनी त्याच कागदावर उत्तर लिहिलं होतं. आकडे न बघता मी आलेख नेहमीच्या पद्धतीनं वाचला, चूक माझी. आलेखाचे आणि निष्कर्षाचे सहा गुण परत दिले आहेत. न घेतलेल्या निरीक्षणांसाठी एक गुण कमी केला आहे. एकूण सोळा. 'उलटा' या शब्दावर त्यांनी स्वतःच्या हातानं काट मारली होती. "तुमचा एक गेला," नात मला म्हणाली, आणि या वेळी हसली. ती गेल्यावर घर इतकं रिकामं झालं की मी दुकानातलं मशीन उगीचच चालवून बघितलं, धाग्याशिवाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच विहिरीवर गेलो. डुब् ऐकू येणार नव्हतंच, म्हणून दोरीचा शेवटचा तीन-चार फुटांचा भाग कापडावर खुणा करायच्या पांढऱ्या खडूनं घासून घेतला. वाटी पाण्याखाली जाईल एवढी दोरी सोडली, सतराव्या फुटाची गाठ बरोबर काठावर येईपर्यंत. मग वर ओढली. पाणी लागलं होतं तिथपर्यंतचा खडू धुऊन गेला होता, वरचा कोरडा पांढरा राहिला होता. मधली सीमा कात्रीनं कापावी तशी. भिजलेला भाग टेपनं मोजला, एक फूट दहा इंच. सतरातून तेवढे वजा केले. पंधरा फूट दोन इंच. हिशेब दोनदा केला, चुकलेला नव्हता. इतक्या दिवसांत ही युक्ती मला कधी सुचली नव्हती, कारण तिची गरजच पडली नव्हती. दोघांचं काम एकट्याला जमतं, हे त्या सकाळी मला कळलं, आणि कळून बरं वाटलं नाही. पलीकडच्या खड्ड्यात पंप सुरू झाला असावा. मला ऐकू आला नाही, काठाच्या दगडाला हात लावल्यावर थरथर जाणवली. मी हातावरचा खडू धोतराला पुसला, घरात गेलो, वही उघडली आणि रेघ मारलेल्या चार आकड्यांच्या खाली तो आकडा लिहिला.