हात थांबला की पॉडकास्ट बदला

हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात काकूंनी अकरा वर्षं डॉक्टरांच्या कोटांना इस्त्री केली. कोट पुष्कळ झाले, आता त्यांना माणसं हवी होती. वर वॉर्डात मदतनीस व्हायचं होतं. मध्ये एक परीक्षा होती: बाहेरून आलेल्या काकूंना परकी असलेल्या इथल्या भाषेत रुग्णाची माहिती एकदाच ऐकवणार आणि लगेच प्रश्न विचारणार. पहिल्या खेपेला काकू आपटल्या होत्या. दुसरी खेप शेवटची.

भाषेच्या शिकवणीच्या सरांनी सरावाला राजकारणावरचा पॉडकास्ट नेमून दिला होता. त्यात चार माणसं एकमेकांचं तोडून एकदमच बोलायची. काकू दर वाक्याला फोन थांबवायच्या, मागे न्यायच्या. तासभरात पाच मिनिटंही ऐकून व्हायची नाहीत. एकदा अशाच खटपटीत एक बाही करपली आणि मुकादमाची बोलणी खावी लागली. त्या दिवशी काकूंचं टाळकं सटकलं.

त्यांनी स्वतःचा नियम केला. कामात ऐकायचं ते असं, की हात थांबता कामा नये आणि डोळाही लागता कामा नये. शोधता शोधता शेळ्या पाळणाऱ्या दोन बहिणींच्या गप्पा सापडल्या. शंभरातले तीन-चार शब्द अडायचे. त्यांतले काही पुढच्या बोलण्यात उलगडायचे, बाकीचे गेले तर गेले. रोज तीन तास शेळ्या. चहाच्या सुट्टीत मात्र एका नर्सच्या पॉडकास्टचं एकच मिनिट घ्यायचं. ते थांबवत थांबवत ऐकायचं, वहीत उतरवायचं, फोनवरच्या त्याच्या लेखी मजकुराशी ताडून पाहायचं, आणि निसटलेला शब्द कानाला सापडेपर्यंत पुन्हा ऐकायचं.

हे सरांच्या कानावर गेलं. त्यांनी भर वर्गात विचारलं, “काकू, सोपं ऐकून कुणी पास झालंय का?”

काकू उठून उभ्या राहिल्या. “सर, तुमचं अवघड ऐकून मी फक्त फोन थांबवायला शिकले. परीक्षेत फोन माझ्या हातात नसणार.”

वर्ग हसला. सरांनी नापास झालात तर माझ्याकडे रडत येऊ नका म्हणून बजावलं. काकूंनी दुसऱ्या दिवशी शेळ्यांचाच पुढचा भाग लावला, आवाज जरा मोठाच ठेवून.

परीक्षेत दुसऱ्याच वाक्यात एक अनोळखी शब्द आला. मागच्या वेळी काकू अशाच एका शब्दापाशी अडून बसल्या होत्या आणि बाकीचं सगळं डोक्यावरून गेलं होतं. या वेळी त्यांनी त्याला खुशाल जाऊ दिलं. चौथ्या वाक्यात पायाची सूज आली, बोटाने दाबल्यावर पडणारा खळगा आला, आणि तो शब्दही आपोआप उलगडला.

वॉर्डातल्या पहिल्या सकाळी एक म्हातारी भडाभडा बोलायला लागली: पाय, सून, औषध, पुन्हा पाय. मग स्वतःच ओशाळून म्हणाली, “फार भरभर बोलते ना मी? थांबू का?”

“थांबू नका,” काकू म्हणाल्या, आणि तिची चादर सारखी करत राहिल्या.