भिंगरीची दिनचर्या

तिला सगळे भिंगरी म्हणत. लहानपणी आईने ठेवलेलं हे नाव चाळिशी उलटली तरी सुटलं नव्हतं, आणि सुटावं असं तिनेही काही केलं नव्हतं. उभ्याने चहा, चालता चालता जेवण, आणि बसलीच कुठे तर एक पाय हलत राहणार. बारा वर्षं ती घरोघरी आजारी माणसं सांभाळत होती. हात असा की माणसाला अंघोळ घालून, दाढी करून, कपडे चढवून अर्ध्या तासात खुर्चीत बसवायची. तिच्या कामाची तारीफ करणारे सगळे आधी तिच्या वेगाचीच तारीफ करत.

सध्या तिच्याकडे एक आजोबा होते. घड्याळं दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली. गेल्या वर्षी झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. घरात मुलगा आणि सून, दोघं नोकरीवाले. भिंगरी सकाळी सातला यायची आणि संध्याकाळी पाचला जायची. पाचनंतर आठवड्यातून तीन दिवस ती स्पॅनिशच्या वर्गाला पळायची. तिची थोरली बहीण परदेशात एका वृद्धाश्रमात कामाला होती, तिथे हिच्यासाठीही जागा ठेवली होती. अट एकच होती, पहिल्या पातळीची भाषेची परीक्षा पास व्हायची. तोंडी परीक्षेत रोजची दिनचर्या सांगावी लागते, आणि तिथेच बाईसाहेबांचं गाडं अडलं.

वर्गात सरावाचा कागद मिळाला होता. डाव्या बाजूला चित्रं: उठणारा माणूस, अंघोळ करणारा, कपडे घालणारा, केस विंचरणारा, झोपणारा. उजवीकडे वेळ टाकून वाक्य लिहायचं. भिंगरीने तो बसमध्ये दहा मिनिटांत भरून टाकला. शिकवणाऱ्या बाईंनी तो वाचला आणि चष्मा काढून तिच्याकडे बघितलं.

"अहो, हे कुणाचं लिहिलंय? साडेसातला 'लेवान्तो', म्हणजे उठवते. आठला 'बान्यो', अंघोळ घालते. साडेआठला 'विस्तो', कपडे घालते. कुणाला?"

"आजोबांना."

"आणि तुम्ही स्वतः?"

"मी काय, मी आधीच उठलेली असते."

वर्ग हसला. बाईही हसल्या, पण मग त्यांनी फळ्यावर नीट समजावलं. स्वतःचं स्वतः केलं की पुढे 'मे' लावायचा: मे लेवान्तो, मी उठते, मे विस्तो, मी कपडे घालते. तोच माणूस दुसऱ्याचं करत असेल तर 'मे' जातो आणि तो दुसरा येतो: लो विस्तो, त्यांना कपडे घालते. "परीक्षेत तुमची दिनचर्या विचारतील, आजोबांची नाही," बाई म्हणाल्या. "सगळ्या ओळींत 'मे' हवा. तोंडपाठ करा."

पाठ करायचं म्हणजे काम करता करताच. आजोबांच्या दाढीला साबण लावताना ती पुटपुटायला लागली. दोन दिवस त्यांनी सहन केलं, तिसऱ्या दिवशी विचारलं, "काय मंत्र चाललाय?"

तिने सांगितलं. बाईंनी सांगितलं होतं तसंच, 'मे' असलेलं आणि नसलेलं.

"आणि मी माझं सांगायचं म्हटलं तर?"

"तुम्हीही 'मे'च लावायचा. मे विस्तो."

आजोबा आरशात बघत म्हणाले, "खोटं होईल ते."

भिंगरीने वस्तरा धुतला, सदरा आणला, आणि आजोबांनी डावा हात पुढे करून तो मागून घेतला. "बटणं मी लावतो," ते म्हणाले.

पाच बटणं होती. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी काही महिन्यांपूर्वीच सांगून गेली होती की जे जमेल ते त्यांना स्वतः करू द्या. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या आणि कुणाला वेळ नव्हता. त्या दिवशी पहिल्या बटणाला नऊ मिनिटं लागली. भिंगरी पलंगाच्या कडेला बसली, उठली, पडदा सारखा केला, परत बसली. आजोबांचा अंगठा काजावरून घसरला की तिचे हात आपोआप पुढे जात. दुसरं बटण तिने न राहवून शेवटी लावूनच टाकलं, आणि उरलेली तीनही. दोन सेकंदांचं काम. आजोबा दिवसभर तिच्याशी बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून तिने हात मांडीखाली दाबून बसायला सुरुवात केली. तिच्यासाठी ही शिक्षाच होती. अंगात मुंग्या येत, डोक्यात बस, वर्ग, उरलेली भांडी असं सगळं घोंगावत राही. तिला आजोबांचा राग येई आणि रागाची लाजही वाटे. दोन आठवड्यांनी तीन बटणं लागायला लागली. घड्याळाचे बारीक स्क्रू फिरवलेली बोटं होती ती, पण आठवण सगळी उजव्या हातात राहिलेली.

परीक्षा शनिवारी. तिची पाळी साडेदहाला, बस पावणेदहाला. सून घरी असणार होती, भिंगरीने फक्त आजोबांना तयार करून निघायचं होतं. चुकली तर पुढची परीक्षा सहा महिन्यांनी, आणि वृद्धाश्रमातली जागा तोवर थांबणार नव्हती. साडेनऊला आजोबा चौथ्या बटणावर होते. पावणेदहाला पाच कमी असताना सून दारातून म्हणाली, "अहो ताई, लावून टाका ना! तुमची गाडी जाईल."

आजोबांनी मान वर केली नाही, पण त्यांचा हात थांबला. तिने लावून टाकलं असतं तर ते काहीच म्हणाले नसते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने हात आणखी आत सरकवले.

पाचवं बटण लागलं तेव्हा बस गेलेली होती.

ती अर्धं अंतर धावली, अर्धं रिक्षाने गेली. पाळी निघून गेली होती. दारातल्या कारकुनाने शेवटच्या नंबरावर टाकलं, तेही कुरकुरत. दीड तास ती व्हरांड्यात फेऱ्या मारत राहिली.

परीक्षक पिकल्या केसांचा, दमलेला माणूस. सकाळपासून त्याने तीच ती दिनचर्या ऐकलेली. "तुमचा दिवस सांगा," तो स्पॅनिशमध्ये म्हणाला. भिंगरीने पाठ केलेलं सुरू केलं: मे लेवान्तो पाचला, मे दुचो, मे विस्तो, मे पेइनो, म्हणजे उठते, अंघोळ करते, कपडे घालते, केस विंचरते. मग सांगता सांगता कामावर पोचली आणि पाठ केलेलं संपलं.

"लेवान्तो आल सेन्योर," ती म्हणाली. "लो बान्यो. लो आफेइतो." उठवते, अंघोळ घालते, दाढी करते. ती थबकली. "एल सेन्योर से विस्ते."

साहेब स्वतः कपडे घालतात. परीक्षकाने मान वर केली. "सोलो?" एकटेच?

"सी. सोलो."

"आणि तेव्हा तुम्ही काय करता?"

हे कागदावर कुठेच नव्हतं. शब्द शोधायला तिला वेळ लागला. "एस्पेरो," ती म्हणाली. वाट बघते. आणि डोळे भरून आले म्हणून स्वतःवरच चिडली.

ती पास झाली. आठवड्याने पत्र आलं, महिन्याने तिकीट. आजोबांना सांगताना तिने चार वेळा विषय बदलला. ते म्हणाले, "जा की. मी काय तुला बांधून ठेवलंय?" आणि रेडिओचा आवाज वाढवला.

शेवटच्या सकाळी तिची जागा घेणारी नवी बाई आली. चपळ, हसरी, हात सराईत. भिंगरीला ती पाहताक्षणी आवडली आणि लगेच धडकीही भरली. दाढी झाली, सदरा चढला आणि नवीचे हात सरसावले, पहिलं बटण तिने लावूनही टाकलं. आजोबा खिडकीकडे बघायला लागले.

भिंगरीने तिचं मनगट धरलं, जरा जोरातच.

"काय झालं ताई? चुकलं का?"

"काढ ते बटण." नवीने ते काढलं तसं भिंगरीने तिला पलंगाच्या कडेला बसवलं. "त्यांचं ते लावतात."

"मग मी काय करू?"

"काही नाही."

नवीने घड्याळाकडे बघितलं, मग तिच्याकडे. "काही नाही म्हणजे? किती वेळ?"

भिंगरीची गाडी दोन तासांनी होती आणि सामान अजून घरीच पडलेलं होतं. तीही शेजारी बसली. आजोबांनी खिडकीवरून नजर काढली आणि डाव्या हाताने पहिल्या बटणाचा काज शोधायला घेतला.