गोळीची पाळी

आमच्या घरात देव यायचे म्हटलं की माझी पाळी पुढे जायची. आपोआप नाही, सासूबाईंच्या गोळीने. चिखलीतलं जुनं शेतकरी घर, त्यामुळे सणवार आणि पूजा संपता संपत नाहीत. "तेवढं पुढं ढकल," म्हणत त्या मेडिकलमधून आणलेली पट्टी हातावर ठेवायच्या. मीही गिळायचे. चाकणच्या कंपनीत दिवसभर लाइनवर उभं राहून आल्यावर वाद घालायला अंगात त्राण कुठे उरतं?

मूल होत नव्हतं म्हणून डॉक्टरीणबाईंकडे गेले. पाळीची नोंद ॲपमध्ये ठेवून दाखवा, म्हणाल्या. कंपनीत मोबाइल गेटवरच जमा करतात, तरी घरी आल्या आल्या मी न चुकता नोंद करत होते. काही महिन्यांनी मोठ्या रुबाबात फोन त्यांच्यापुढे धरला.

त्यांच्या कपाळावर आठ्या. "एकदा लवकर, एकदा भलताच उशीर. मधे काही गोळ्या घेता?"

"त्या फक्त सणाच्या."

"मग यात लिहिल्या का नाहीत?"

"यात पाळी लिहायची असते ना?"

बाईंनी डोक्याला हात लावला. "अहो, गोळी थांबवल्यावर येते ती गोळीची पाळी. त्यावरून तुमचं स्त्रीबीज कधी तयार होतं ते मला कसं कळणार? आणि दिवस राहिलेत की नाही हे न बघताच घेता?"

मग शाळेतल्यासारखं समजावलं. रक्तस्राव नीट सुरू होतो तो पहिला दिवस. नुसता डाग पडला तर तो डाग म्हणूनच वेगळा टाकायचा. मी तोही पाळीतच धरला होता. कधी थांबली, रक्त किती जातं, दुखतं किती, तेही. कुठलीही गोळी घेतली तर नाव, सुरू केल्याची आणि थांबवल्याची तारीख. ॲप पुढच्या तारखांवर फिके गोल काढतं तो त्याचा अंदाज, आपली नोंद नव्हे. आता गोळ्या बंद, पुन्हा पहिल्यापासून. इतके महिने पाण्यात! राग कुणावर काढावा तेच कळेना.

गौरीच्या आधी पट्टी पुढे आलीच. मी नाही म्हटलं, बाईंनी मोबाइलमध्ये काय काय लिहायला सांगितलंय तेही सांगितलं.

"मंग निवद कोण करणार?"

"तुम्हाला नातवंड हवंय ना? मग नैवेद्य तुम्ही करा."

त्या माझ्याशी बोलेनाशा झाल्या. मी मात्र मनातल्या मनात आशा लावून बसले होते, या खेपेला पाळी येणारच नाही, दिवस राहतील म्हणून. नेमकी गौरी जेवायच्या दिवशी आली. मागच्या खोलीत बसून हमसून हमसून रडले. बाहेर बायका विचारत होत्या, सून कुठंय. "कामावर गेलीय," सासूबाईंनी ठोकून दिलं.

पंगत उठल्यावर त्या ताट घेऊन दाराशी आल्या. माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग ताट पुढे सरकवलं.

"रडू नगं. आजचा दिस लिवलास का त्या मोबाइलात?"