काळा चौकोन

सुरतेच्या मराठी शाळेत मी दहावीला जीवशास्त्र शिकवत होते. रंगांधळेपणाचा धडा नाण्यानं शिकवायचे. आईच्या नाण्याची एक बाजू निर्दोष, दुसरी सदोष. मुलाच्या वाट्याला येईल ती बाजू. पहिला मुलगा सुटला, म्हणजे दुसरा सापडणारच, असं पोरं म्हणत. मी म्हणे, "नाण्याला मागचं आठवत नाही."

मग घरचा वंशवृक्ष काढून आणायला सांगितला. बाई म्हणजे वर्तुळ, पुरुष म्हणजे चौकोन, दोष असलेला चौकोन काळा. एका खानदेशी मुलीनं फार नेटका तक्ता आणला: आजीचा भाऊ काळा, आजी वर्तुळात ठिपका, म्हणजे दोष वाहणारी, आणि आजीचा मुलगा, म्हणजे तिचा मामा, काळा. कौतुकानं मी तो भिंतीवर लावला. मामा काय काम करतो, हे विचारलं नाही.

मामा पांडेसऱ्याच्या कारखानदारी भागात, कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये रंग मोजून द्यायचा. पालकसभेला त्याचा सुपरवायझर आला. त्याची मुलगीही त्याच वर्गात होती. तक्त्यासमोर थांबून म्हणाला, "बेन, आ साचुं छे? खरं आहे हे? हिचा मामा तर माझ्याकडे रंग तोलतो!"

मामाची नोकरी जाईल, हे मला तेवढ्यात कळलं. "छे हो, पोरीनं चुकवलंय," म्हणत मी चौकोनावर लाल फुली मारली.

तक्ता काढणारी मुलगी शेजारीच उभी होती. "बाई, कुठं चुकलं ते दाखवा ना."

"नंतर."

"नंतर का? आजीकडनं मामाला आलं. तुम्हीच शिकवलं!"

सुपरवायझर हसला. "छोकरी वकील होणार." फुलीवर विश्वास ठेवून तो निघून गेला. ती मात्र वर्गात माझ्याकडं बघेनाशी झाली.

आठवड्यानं मामाच शाळेत आला. "बाई, मी सायेबले खरं सांगी दिनं. डब्बावरना नंबर वाचीसन काम करस, रंग देखीसन नही. इतला वरीसमा एक माल बिघडना नही."

"मग?"

"कापडाच्या घड्या घालायच्या खात्यात टाकलं त्यानं. पगार कमी. पण पोरगीनं खरं लिखेल व्हतं. ती फुली काढा."

मी कोरा कागद दिला. म्हटलं, नवा तक्ता लावू. "नको," तो म्हणाला, "तोच. वर्गासमोर."

मी तक्ता उतरवला, गुंडाळला आणि त्याच्या हातात दिला. वर्गासमोर एक शब्द बोलले नाही. नोकरी वाचवायला खोटं बोलले, असं पुढं कित्येक वर्षं मनाला सांगत राहिले. ते अर्धंच खरं. कुणाच्या घरातलं भिंतीवर टांगलं, हा माझा गाढवपणा होता, तो झाकायचा होता.

आता मला कुणी उदार म्हणू नये, आणि समजूतही घालू नये. तक्ता बरोबर होता. पोरगी बरोबर होती. फुली माझ्या हातची होती.