विठाची विहीर आणि अल्पेशची राख

माझी जाऊ विठा कुणाशी गोड बोलली असेल, तर मी तरी ते ऐकलेलं नाही. बदलापूरच्या पलीकडे आमचं गाव. बाकीच्यांनी जमिनी विकल्या, ही मात्र आपल्या विहिरीला चिकटून बसली. उन्हाळ्यात आळीतली सगळी घरं त्याच पाण्यावर, म्हणून तिची बोलणी आम्ही ऐकून घेतो.

विहिरीला लागून आमच्या पुतण्याने, अल्पेशने, राखेच्या विटांचा कारखाना टाकला. कोळशाच्या वीज केंद्रातली कोरडी राख, चुना, जिप्सम आणि दगडाची भुकटी मिसळून मशीनमध्ये दाबायची. भट्टी लागत नाही, पण दोन-तीन आठवडे पाणी मारावं लागतं, तेव्हा कुठे वीट कडक होते. धंदा वाईट नव्हता. पोराला अक्कल कमी आणि घाई जास्त. बंद टँकरमधली कोरडी राख सोडून याने केंद्राच्या तळ्यात साठलेली ओली राख आणली, स्वस्तात पडते म्हणून. ती जाडीभरडी, तिची वीट हातात फुटायची. सिमेंटवाले ती राख घेईनात, दुसरे वीटवाले घेईनात. मग ढीग विहिरीकडेला ओतून हा मोकळा.

एप्रिलात ढीग वाळला आणि वारा सुटला. भातात राख, गोधडीत राख, पोरांचे डोळे लाल. विठा तरातरा गेली.

"ताडपत्री टाक, नायतर उचल."

"टाकतो ना काकी. टेन्शन नको घेऊ."

"तू मेल्या घेतच नाहीस, म्हणून मला घ्यावं लागतं."

त्याने काही टाकली नाही. मे महिन्यात त्याची बोअर आटली. अंबरनाथच्या बिल्डरची ऑर्डर, ताज्या विटा उन्हात, पाण्याविना वाळल्या की कामातून गेल्या. पंप घेऊन विहिरीवर आला. विठा काठावर मांडी ठोकून बसली.

"आधी राख."

मग जे भांडण झालं! तो तिला म्हातारे म्हणाला, तिने त्याचा बाप काढला, जो तिचाच दीर. तिलाही कुणी उलट बोललं, म्हणून मला मनातून बरं वाटलं.

शेवटी त्याने जेसीबी लावला. ढीग रस्त्याच्या भरावात गेला, वर माती पडली. पण जेसीबीवाल्याने काठावरून घाईघाईत ओरबाडलं, नि बरीच राख घसरून विहिरीत पडली.

"झालं काकी. आता पाणी दे."

विठाने बादली सोडून ओढली. वर राखाडी तवंग, खाली गाळ. पेला भरून तिने त्याच्यासमोर धरला.

"पी."

"अगं काकी, विटांना पायजे..."

"विटांना चालेल. तू पी."

तो प्यायला नाही. विठाने पेला खाली ठेवला आणि उठून त्याला वाट दिली. संध्याकाळपर्यंत पंप चालला, विटा वाचल्या. आम्ही आता गावाबाहेरच्या नळावर हंडे घेऊन जातो. विठा सगळ्यांच्या आधी रांगेत असते, आणि आता तिची बोलणीसुद्धा ऐकू येत नाहीत.